पहाटेचा वास आणि सोसायटीला लिहिलेले पत्र



गेल्या डिसेंबरातील एका पहाटे माझ्या सासूबाईंनी पेजेची वाटी परत सारली आणि विचारले, “अगं, पुराचा गाळ शिरलाय का घरात?” आम्ही मूळचे निफाड तालुक्यातील सायखेड्याचे. गोदाकाठच्या माणसाला पूर ओसरल्यानंतरच्या गाळाचा वास ओळखावा लागत नाही, तो अंगात मुरलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमधील पुरानंतर आईंना तिथे ठेवणे कठीण झाले, म्हणून आम्ही नाशिक शहरात नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. नवव्या मजल्यावर गाळ येणार कुठून? पण वास खरा होता, आणि त्या दिवसापासून आईंचे पहाटेचे खाणे सुटले.

आईंचे वय शहाऐंशी. सायखेड्यात चाळीस वर्षे त्यांनी चुलीपुढे काढली. त्या धुराने फुप्फुसे कायमची आखडली आहेत, डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. त्या अंथरुणावरच असतात. अशा माणसाने आठवडाभर निम्मेच खाल्ले, तर त्याचा अशक्तपणा भरून निघायला महिना लागतो. त्यात वास नको म्हणून आम्ही खिडक्या लावून घेतल्या, उदबत्ती पेटवली, सुगंधी फवारा मारला. त्या रात्री आईंना खोकल्याची उबळ आली. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या रुग्णापाशी धूर आणि फवारा दोन्ही वर्ज्य असतात, हे ठाऊक असूनही मी ते केले होते. वास झाकण्याचा उपाय वासापेक्षा महाग पडला.

वास कुठून येतो हे शोधण्यापूर्वी मी दोन गोष्टींची खात्री करून घेतली, आणि आपणही ती आधी करावी. पहिली गोष्ट गॅसची. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम दिलेला वास सडक्या कोबीसारखा असतो आणि कचऱ्याच्या वासाशी त्याची गफलत होते. वय वाढले की नाकाची शक्ती उणावते, म्हणून वृद्धांच्या घरी ही चूक अधिक संभवते. शंका आली तर विजेचे बटण दाबू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात, सिलिंडरचा रेग्युलेटर किंवा पाइपलाइनची कळ बंद करावी आणि बाहेर पडून मदत मागवावी.

दुसरी गोष्ट नहाणी ट्रॅपची. न्हाणीघरातील जाळीखाली वाकड्या नळीत थोडे पाणी साठून राहते, आणि तेच सांडपाण्याच्या पाइपातील हवा अडवते. एखादे न्हाणीघर वापरात नसेल, तर ते पाणी आटते आणि वाट मोकळी होते. २००३ साली हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स या निवासी संकुलात सार्सची लागण तीनशेहून अधिक रहिवाशांना झाली. तेथील तपासात अशा कोरड्या पडलेल्या ट्रॅपमधून आणि न्हाणीघरातील पंख्यांच्या ओढीमुळे दूषित हवा घरात शिरली, हे एक प्रमुख कारण सांगितले गेले. आमच्या पाहुण्यांच्या न्हाणीघराचा ट्रॅप कोरडाच निघाला. मी त्यात बादलीभर पाणी ओतले आणि दोन दिवस वाट पाहिली. त्या न्हाणीघरातला वास गेला, पण पहाटेचा वास तसाच राहिला. तो दाराकडून येत होता.

आमच्या इमारतीला बारा मजले आहेत. जिन्याशेजारी प्रत्येक मजल्यावर एक लोखंडी झडप आहे आणि झडपेमागे वरून खालपर्यंत गेलेला कचऱ्याचा पाइप. त्याला सगळे गार्बेज शूट म्हणतात. पिशवी आत टाकायची, ती तळमजल्यावरच्या खोलीतील डब्यात पडते. आमच्या दारापासून ती झडप सहा पावलांवर आहे.

मी रागाने पत्र लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात एवढेच होते की वास असह्य झाला आहे, समिती झोपा काढते आहे आणि शूट ताबडतोब बंद करावा. ह्यांनी तो वाचला आणि विचारले, “वास कधी येतो, कुठल्या मजल्यावर येतो, हे लिहिलं आहेस का?” मी लिहिले नव्हते, कारण मला ते माहीतच नव्हते.

मग मी दहा दिवस नोंद ठेवली. वहीत चार रकाने आखले: वेळ, मजला, वासाची तीव्रता शून्य ते तीन, आणि कागदाची दिशा. हा चौथा रकाना सर्वांत उपयोगी पडला. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी झडपेच्या फटीसमोर धरायची. ती आत ओढली गेली तर मजल्यावरची हवा शूटमध्ये जाते आहे, बाहेर फडफडली तर शूटमधली हवा मजल्यावर येते आहे. पहाटे सहाला नवव्या, दहाव्या आणि अकराव्या मजल्यावर पट्टी बाहेर फडफडत असे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर त्याच वेळी ती आत ओढली जाई, आणि तिथल्या शेजाऱ्यांना वास मुळीच येत नसे. माझी तक्रार ऐकून ते मला संशयाने का पाहत होते, हे तेव्हा कळले. ते खोटे बोलत नव्हते, त्यांच्याकडे खरोखरच वास नव्हता.

याचे कारण सायखेड्याच्या स्वयंपाकघरातील धुराड्यात आहे. गरम हवा हलकी, म्हणून ती वर चढते आणि तिच्या जागी खालून दुसरी हवा येते. हिवाळ्यात निफाड-नाशिककडची पहाट किती गार असते, हे आपण जाणताच. त्या वेळी इमारतीच्या पोटात असलेला शूट बाहेरच्या हवेपेक्षा उबदार असतो. त्यातली हवा वर चढते, खालच्या मजल्यांवरून आत ओढली जाते, आणि तळाच्या खोलीतील कुजट हवा सोबत घेऊन जाते. वर गच्चीवर तिला वाट असेल तर ती आकाशात निघून जाते. वाट नसेल, तर ती वरच्या मजल्यांच्या झडपांतून बाहेर पडते. त्याखेरीज वरून पिशवी टाकली की ती पिचकारीच्या दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलते आणि खालच्या झडपेतून एक झोत येतो. पहाटे घराघरांत स्वयंपाकघरातील आणि न्हाणीघरातील पंखे सुरू होतात. खिडकी बंद असेल तर ते पंखे मुख्य दाराच्या फटीतून जिन्याकडची हवा घरात खेचतात. आईंचा पलंग हॉलमध्ये, दारासमोर होता.

आमच्या शूटला गच्चीवर वाट होती का? रखवालदाराला घेऊन मी वर गेले. शूटचे तोंड गच्चीच्या वर कमरेइतके आलेले होते आणि त्यावर पत्रा ठोकून चारी बाजूंनी सिमेंट लावलेले होते. उन्हाळ्यात गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले, तेव्हा पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून कोणीतरी ते बंद केले होते. हेतू वाईट नव्हता. पावसाळाभर गच्ची कोरडी राहिली आणि थंडी पडताच वरच्या चार मजल्यांना वास येऊ लागला.

आता मी पत्र नव्याने लिहायला घेतले. झडपेपाशी काय काय टाकले जाते ते लिहिताना माझा हात थांबला. आईंना दिवसाला तीन-चार डायपर लागतात. गेली दोन वर्षे मी ते साध्या पातळ पिशवीत घालून शूटमध्ये टाकत होते. डायपरमधील दाणे पाणी शोषून फुगतात. पिशवी फाटली की तो ओला गोळा पाइपाच्या भिंतीला चिकटतो आणि त्यावर पुढचा कचरा अडतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ओला कचरा, सुका कचरा आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवण्यास सांगितले होते, आणि वापरलेले डायपर नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात ठेवण्याची सूचनाही होती. मी ज्या वासाची तक्रार करत होते, त्यात माझ्या घराचा वाटा होता. ही ओळ पत्रात घालावी की नाही, यावर मी एक रात्र विचार केला. शेवटी घातली. ते पत्र येथे देते, म्हणजे आपल्यापैकी कोणास लिहायचे झाल्यास आराखडा हाताशी असेल.

“मा. सचिव, व्यवस्थापक समिती यांस,

विषय: कचऱ्याच्या शूटमधून वरच्या मजल्यांवर येणारा वास.

महोदय, मी नवव्या मजल्यावरील फ्लॅटची सहमालक व सभासद आहे. माझ्या घरी श्वसनविकाराने आजारी शहाऐंशी वर्षांच्या सासूबाई अंथरुणावर आहेत. पहाटे पाच ते आठ या वेळेत शूटचा वास घरात येतो व त्यांचे खाणे सुटले आहे. सोबत दहा दिवसांची नोंद जोडली आहे. वास केवळ आठव्या मजल्याच्या वर येतो. त्याखाली तो येत नाही, याचीही नोंद त्यात आहे.

माझ्या पाहणीत चार गोष्टी आढळल्या. शूटचे गच्चीवरील तोंड पत्रा व सिमेंटने बंद केलेले आहे. आठव्या, नवव्या व अकराव्या मजल्यांवरील झडपांच्या स्प्रिंग तुटल्या असून त्यांची रबरी पट्टी गळून गेली आहे. तळाच्या खोलीतील जाळी तुंबल्यामुळे कचऱ्याचे पाणी साचून राहते. शूट आतून धुतल्याचे गेल्या तीन वर्षांत कोणास आठवत नाही. माझ्या घरातूनही आजवर डायपर शूटमध्ये टाकले गेले, ही माझी चूक आहे व ती मी आजपासून थांबवली आहे.

विनंती अशी की, तोंड उघडून त्यावर पाऊस न शिरेल व हवा जाईल अशी टोपी बसवावी, झडपा दुरुस्त कराव्यात, शूट वरून खाली धुऊन घ्यावा व तळाची जाळी साफ करून खोली रोज धुवावी. धुण्याचा दिवस दोन दिवस आधी कळवावा, म्हणजे आजारी माणसांना त्या वेळी दुसऱ्या खोलीत हलवता येईल. शूट बंद करावा अशी माझी मागणी नाही. पाचव्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींना पिशवी खाली नेणे शक्य नाही, याची मला जाणीव आहे.

आपली विश्वासू”

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक कार्यालयात दिली आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख व शिक्क्यासह पोच घेतली. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार तक्रार साध्या कागदावरही करता येते. समितीने पुढच्या बैठकीत निर्णय घ्यावा आणि त्यानंतर पंधरा दिवसांत तो सभासदास कळवावा, अशी त्यात तरतूद आहे. म्हणून पोच महत्त्वाची. तोंडी तक्रारीला तारीख नसते.

चौथ्या दिवशी सचिव स्वतः पहाटे सहाला आले. मी त्यांच्या हाती टिश्यूची पट्टी दिली. ती त्यांच्याच बोटांत बाहेरच्या बाजूला फडफडली. ते म्हणाले, “काकू, मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. मला वाटत होतं तुम्ही वरचे लोक उगाच बोलता.” मग ते थांबून म्हणाले, “डायपरचं तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. आमच्याही घरात बाळ आहे.”

जानेवारीत काम झाले. ते कसे झाले ते सांगते, कारण यात धोके आहेत. आधी सर्व मजल्यांच्या झडपा चिकटपट्टीने बंद केल्या, नाहीतर धुताना उडणारे तुषार घरोघर गेले असते. शूटमध्ये कोणीही उतरले नाही, आणि कोणासही उतरू देऊ नये, कारण बंद जागेतील कुजट वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडू शकतो. गच्चीवरून दोराला बांधलेला ब्रश आणि दाबाच्या पाण्याची नळी सोडण्यात आली. तिसऱ्या मजल्याजवळ, जिथे पाइपाचे दोन तुकडे जोडले आहेत, तिथे आतल्या कडेला फुगलेल्या डायपरांचा लगदा अडकलेला निघाला. कामगारांपैकी एकाने ब्लीचिंग पावडरसोबत संडास धुण्याचे ॲसिडही ओतू का, असे विचारले. सचिवांनी त्याला अडवले. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू तयार होतो, आणि तो निरोगी माणसाचाही श्वास कोंडतो. घरातील मोरी धुतानाही हे दोन कधीच एकत्र करू नयेत.

पत्रा निघाला, जाळीची टोपी बसली, झडपा घट्ट मिटू लागल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे नवव्या मजल्यावर पट्टी आत ओढली गेली. आईंनी त्या सकाळी पेज घेतली, आणि आठवड्याभरात वाटी रिकामी होऊ लागली.

येथे लेख संपवता आला असता, पण एप्रिलमध्ये रखवालदार माझ्याकडे आला. दुपारी दोन ते पाच त्याच्या केबिनमध्ये बसवत नव्हते. त्याला वाटले, काकूंना वासातले कळते. मी पट्टी घेऊन खाली गेले. आता खेळ उलटा झाला होता. बाहेर कडक ऊन, शूटच्या पोटातली हवा त्या मानाने गार आणि जड. ती खाली उतरत होती आणि तळाच्या खोलीच्या दारातून केबिनकडे येत होती. आम्ही वासाला गच्चीची वाट करून दिली होती, पण ती वाट थंडीतच चालते. उन्हाळ्यात हवा आपली दिशा बदलते. आमचे सुख त्याच्या वाट्याला त्रास होऊन आले होते.

यावर दोन गोष्टी करण्यात आल्या. गच्चीवरील तोंडाशी एक लहान एक्झॉस्ट पंखा बसवला. तो सतत हवा वर ओढतो, त्यामुळे कोणत्याही ऋतूत झडपांपाशी हवा आतच जाते. वीज गेली की तो थांबतो, ही त्याची मर्यादा. पण पंखा फक्त वास दुसरीकडे नेतो, त्याचे मूळ ओला कचरा आहे. भाजीची देठे, उरलेले अन्न, मासळीचे पाणी एकाच पाइपातून सुक्या कचऱ्यात मिसळत होते. एका पाइपात वर्गीकरण होऊच शकत नाही. म्हणून मे महिन्यापासून ओला कचरा शूटमध्ये टाकणे बंद झाले. सकाळी सफाई कामगार दारोदार येऊन ओल्याची बादली नेतो आणि घंटागाडीत रिकामी करतो. डायपर कागदात घट्ट गुंडाळून, लाल खूण करून, वेगळ्या पिशवीत त्याच्याकडेच देतो. शूटमध्ये आता केवळ सुका कचरा जातो. पाचव्या मजल्यावरच्या आजींना दारापलीकडे जावे लागत नाही. यासाठी दरमहा प्रत्येक घराला थोडा अधिक खर्च येतो, आणि त्यावर सर्वसाधारण सभेत बराच वाद झाला, हेही सांगितले पाहिजे.

दुरुस्ती होईपर्यंत घरात आम्ही जे केले, तेही येथे नोंदवते. आईंचा पलंग दाराजवळून हलवून आतल्या खोलीत खिडकीकडे नेला. मुख्य दाराच्या तळाशी रबरी पट्टी लावली. स्वयंपाकघरातील पंखा लावताना तिथलीच खिडकी उघडी ठेवू लागलो, म्हणजे तो बाहेरची ताजी हवा ओढतो आणि जिन्याकडची ओढत नाही. पेज पहाटेऐवजी नऊला, वास ओसरल्यावर देऊ लागलो. आजारी माणसाचे ओठ किंवा नखे निळसर दिसली, किंवा एक वाक्य पुरे करताना दम लागला, तर मात्र वासाचा शोध बाजूला ठेवून लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

परवा सायखेड्याहून दीर आले होते. त्यांना मी हे सगळे सांगितले. ते म्हणाले, “वहिनी, उकिरडा आपण गावाबाहेर ठेवायचो. तुम्ही तो उभा करून घरात आणलात.” आई पलंगावरून हसल्या आणि म्हणाल्या, “उकिरड्याचं निदान शेतात खत तरी व्हायचं.” मग त्यांनी मला पेज गरम करायला सांगितली.